‘सर, तुम्हीच कॅन्सल मारा की’: गड्ड्याच्या जत्रेतलं बुकिंग आणि बुडू पाहणारे पैसे

सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची जत्रा भरते, तेव्हा स्टेशनपासून सात रस्त्यापर्यंत खोली मिळणं मुश्किल होतं. घर लहान आणि पाहुणे जास्त असले की लोक महिना-दोन महिने आधीच हॉटेल बुक करून ठेवतात. तेव्हा ॲपवर एकाच खोलीचे दोन भाव दिसतात. एक रद्द करता येणारा, दुसरा ‘नॉन-रिफंडेबल’ आणि तीनचारशे रुपयांनी स्वस्त. आपण तर नक्की जाणार, रद्द कशाला करतोय, असा विचार करून माणूस स्वस्त भाव घेतो. त्यात चूक काहीच नाही. पण ‘नॉन-रिफंडेबल’ ही अट ग्राहकाने बेत बदलला तर लागू होते. हॉटेलनेच खोली दिली नाही तर ती लागू होत नाही. ही साधी गोष्ट झाकण्यासाठी जी युक्ती चालते, तिच्याबद्दल हे लिहीत आहोत.

युक्ती एका वाक्याची आहे: हॉटेलला खोली द्यायची नसते, पण रद्द करण्याचं बटण तुमच्या हातून दाबून घ्यायचं असतं.

जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे कसं घडलं ते तपशिलाने सांगतो. मुलीच्या सासरची मंडळी अक्षता सोहळ्यासाठी येणार होती. दोन खोल्या, 13 आणि 14 जानेवारीच्या दोन रात्री. खोलीचा भाव रात्रीला 2,100 रुपये, म्हणजे चार खोली-रात्रींचे 8,400. त्यावर 5 टक्के जीएसटीचे 420, म्हणजे 8,820. वर बुकिंग कंपनीचं सुविधा शुल्क करासह 295. क्रेडिट कार्डवरून एकूण 9,115 रुपये गेले. व्हाउचर आलं, त्यावर ‘कन्फर्म्ड’ असं लिहिलेलं होतं.

12 तारखेला दुपारी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. ‘काका, वरच्या मजल्यावर लिकेज झालंय, तुमच्या दोन्ही खोल्या देता येत नाहीत. तुम्हीच ॲपवरून कॅन्सल मारा की. आम्ही मारलं तर कंपनी आम्हाला पेनल्टी लावते. तुमचे पैसे मी उद्या टाकतो, काळजी करू नका.’ माणूस गोड बोलत होता, वर काका म्हणत होता. काकांनी ॲप उघडलं. रद्द करताना कारण विचारणारी यादी आली, त्यातलं पहिलंच ‘प्रवासाचा बेत बदलला’ हे निवडलं गेलं. पुढच्या पडद्यावर ‘परतावा: 0 रुपये’ असं आलं. त्यांनी फोनवर विचारलं तर उत्तर आलं, ‘ते सिस्टीमचं आहे ओ, त्याकडे बघू नका.’ बटण दाबलं.

दोन दिवसांनी मॅनेजर फोन घेईना. हॉटेलच्या काउंटरवर गेल्यावर सांगितलं गेलं की बुकिंग तुम्ही स्वतः रद्द केलंय, आमच्याकडे काही नाही, कंपनीला विचारा. कंपनीने सांगितलं की नोंदीत ग्राहकाने रद्द केल्याचं दिसतंय, कारणही ग्राहकाचंच आहे, अटीनुसार परतावा नाही. दोघंही आपापल्या कागदावर बरोबर होते. लिकेज खरं असतं तरी पैसे परत द्यावेच लागले असते. पण ते खरं नव्हतंच, हे पुढे कळलं.

आता हॉटेल असं का करतं ते बघू, कारण त्यावरून आपण कधी सावध व्हायचं ते कळतं. तीसेक खोल्यांचं हॉटेल तीन-चार ॲपवर खोल्या विकतं, फोनवर घेतं, शिवाय लग्नवाल्यांना किंवा दिंडीला एकगठ्ठा देतं. मोठ्या हॉटेलांत एका ठिकाणी खोली विकली गेली की बाकी सगळीकडे आपोआप कमी होते. छोट्या ठिकाणी हे काम रिसेप्शनवरचा मुलगा हाताने करतो आणि विसरतो. काही जण तर मुद्दाम दोन-चार खोल्या जास्त विकतात, कारण एरवी तेवढे लोक रद्द करतात किंवा येतच नाहीत. जत्रेत, आषाढी-कार्तिकीत, लग्नाच्या दाट तिथीला मात्र कुणीच रद्द करत नाही आणि हिशेब फसतो. मग कुणाला काढायचं? ज्याने सगळ्यात आधी, सगळ्यात कमी भावात घेतलंय त्याला. म्हणजे नॉन-रिफंडेबलवाल्यालाच. तीच खोली त्या आठवड्यात दुपटीने जाते. त्यातही हॉटेलने आपल्या बाजूने रद्द केलं, तर बुकिंग कंपनी दंड लावते, पर्यायी खोलीचा खर्च मागते, यादीत खाली ढकलते. ग्राहकाने रद्द केलं, तर दंड नाही आणि अटीनुसार पैसेही हॉटेलचेच. त्या गोड बोलण्यामागे एवढं गणित असतं.

म्हणून असा फोन आला की पहिलं काम म्हणजे ॲपला हात न लावणं. फोनवर एवढंच म्हणायचं: ‘तुम्ही खोली देऊ शकत नसाल तर ते मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि तुमच्या बाजूने रद्द करा.’ बहुतेक वेळा समोरचा गडबडतो. तो लिहून देणार नाही असं दिसलं, तर आपणच लिहायचं, लगेच, फोन ठेवल्या ठेवल्या: ‘आज दुपारी 3 वाजता आपला फोन आला. बुकिंग क्रमांक अमुक, 13 आणि 14 जानेवारीच्या दोन खोल्या देता येणार नाहीत आणि मी ॲपवरून रद्द करावं असं आपण सांगितलं. मी रद्द करत नाही. मला खोल्या हव्या आहेत. देता येत नसतील तर आपण रद्द करून पूर्ण रक्कम परत करावी.’ त्याने उत्तर नाही दिलं तरी हरकत नाही. निळी खूण, तारीख, वेळ आणि कॉल लॉग एकत्र ठेवले की पुढे बरंच भागतं.

दुसरं काम म्हणजे त्याच तासात बुकिंग कंपनीला फोन. हॉटेल नकार देतंय हे त्यांच्या नोंदीत ‘हॉटेलचा नकार’ म्हणून चढलं पाहिजे. कॉल सेंटरचा माणूस हॉटेलला फोन लावून विचारतो आणि हॉटेलचं उत्तर त्यांच्याकडे नोंदलं जातं. तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. पर्यायी खोलीही इथेच मागायची: त्याच दर्जाची, त्याच भागात, वरचा फरक त्यांनी सोसायचा. जत्रेच्या दिवसांत ती मिळेलच असं नाही, पण मागितल्याची नोंद राहिली पाहिजे. प्रीपेड बुकिंगमध्ये बहुतेक वेळा कंपनी हॉटेलला पैसे मुक्कामाच्या आसपास किंवा नंतर देते. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत तुमचे पैसे अजून कंपनीच्याच गल्ल्यात असण्याची शक्यता मोठी असते. ते हॉटेलला पोचल्यावर काढणं दुप्पट कठीण.

फोन न येता थेट काउंटरवर नकार मिळाला, तर फसवणुकीचा दुसरा प्रकार घडतो. तुम्ही चिडून निघून जाता आणि रात्री हॉटेल तुमच्या नावापुढे ‘नो-शो’ टाकतं, म्हणजे पाहुणे आलेच नाहीत. नो-शोलाही परतावा नसतो. त्यामुळे काउंटरवरून हलण्याआधी तिथूनच कंपनीला फोन लावायचा आणि शक्य असेल तर रिसेप्शनवाल्याला त्यांच्याशी बोलायला लावायचं. हॉटेलच्या पाटीसमोर, व्हाउचर आणि सामानासकट फोटो काढायचा. मोबाईलच्या फोटोत वेळ नोंदली जाते, आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. हॉटेलच्या ईमेलवर तिथूनच दोन ओळी पाठवायच्या की आम्ही इतक्या वाजता हजर आहोत आणि खोली नाकारली आहे. आरडाओरडा करून यातलं काहीच साधत नाही, आणि पाहुण्यांसमोर शोभतही नाही.

काकांनी तर बटण आधीच दाबलेलं. मग त्यांचे पैसे कसे निघाले?

तीन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या. मॅनेजरचा फोन 2 वाजून काही मिनिटांनी आलेला आणि रद्दची नोंद त्यानंतर दहा मिनिटांत झालेली. कॉल लॉग आणि रद्दचा ईमेल शेजारी ठेवले की क्रम दिसत होता. दुसरं, काकांनी संध्याकाळी ‘पैसे कधी टाकताय?’ असं विचारलं होतं आणि मॅनेजरने व्हॉट्सॲपवर ‘उद्या टाकतो काका’ असं उत्तर दिलं होतं. जो पैसे देणं लागतच नाही असा माणूस असं लिहित नाही. या एका ओळीने अर्धी केस उभी राहिली. तिसरं काम त्यांच्या भाच्याने केलं होतं. त्याच रात्री त्याने ॲपवर त्याच हॉटेलच्या त्याच प्रकारच्या खोल्या 13 तारखेला 4,500 रुपयांना विकायला लावलेल्या पाहिल्या आणि स्क्रीनशॉट घेतला. लिकेज झालेली खोली दुप्पट भावाने विकत नाहीत.

पाहुण्यांची सोय अक्कलकोटला झाली, सोलापुरापासून सुमारे 40 किलोमीटरवर. दोन खोल्या, दोन रात्री, रात्रीला खोलीमागे 3,100 याप्रमाणे 12,400 रुपये. येण्याजाण्याच्या गाडीचे 2,400. दोन्हींच्या पावत्या त्यांनी घेतल्या. इथे बरेच जण मागणी फुगवून स्वतःचं नुकसान करतात. मूळ 9,115 परत मागायचे आणि वर पर्यायी खोलीचे पूर्ण 12,400 मागायचे, असं चालत नाही. तसं केलं तर राहणं फुकटात झालं असा अर्थ होतो. मूळ रक्कम परत, अधिक पर्यायी खोलीतला फरक, अधिक प्रवास, एवढंच योग्य. म्हणजे 9,115, त्यावर फरकाचे 3,285, आणि गाडीचे 2,400, एकूण 14,800. मानसिक त्रासाची रक्कम वेगळी लिहिता येते, पण पावतीवर उभी असलेली मागणी आधी आणि स्पष्ट मांडलेली बरी.

पहिला अर्ज गेला बुकिंग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. कॉल सेंटर वेगळं आणि हा अधिकारी वेगळा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क कंपनीने वेबसाइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे जी नॉन-रिफंडेबलच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी आहे आणि फार कमी लोक ती वापरतात: नियम 4 चा उपनियम 8. ग्राहकाने खरेदी पक्की केल्यावर रद्द केली तर त्याच्याकडून रद्द करण्याचं शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसंच शुल्क सोसलं पाहिजे. मी रद्द केलं तर शंभर टक्के कापणार, तुम्ही रद्द केलं तर नुसतं ‘क्षमस्व’, हा व्यवहार या नियमात बसत नाही. अर्जात हा उपनियम नावानिशी लिहावा. त्यामुळे अर्ज कॉल सेंटरच्या साच्यातल्या उत्तरांतून बाहेर पडून कायद्याच्या विभागाकडे जाण्याची शक्यता वाढते.

अर्ज एका पानाचा असावा. घटनाक्रम तारीख-वेळेसकट, सोबतच्या पुराव्यांना क्रमांक, मागणीचा आकडा आणि एक वाक्य ठळक: ‘रद्द करण्याची क्रिया मी हॉटेलच्या सांगण्यावरून केली, पुरावा क्रमांक 2 व 3.’ रद्द करताना कारण चुकीचं निवडलं गेलं असेल तर ते लपवू नये. त्यांच्या नोंदीत ते दिसतंच, म्हणून आपणच आधी सांगून त्याचं स्पष्टीकरण द्यावं.

कंपनीचं पहिलं उत्तर काय आलं? ‘सदिच्छा म्हणून 2,000 रुपयांचं कूपन.’ हे घेऊ नका. कूपन वापरलं की तक्रार मिटली असं ते पुढे म्हणतात. ‘रक्कम मूळ कार्डावरच परत हवी, कूपन अथवा वॉलेट स्वीकारत नाही’ असं लेखी कळवायचं. ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत’ हेही ठरलेलं उत्तर आहे. त्यावर कार्डाचं स्टेटमेंट पाहावं: पैसे घेणारा म्हणून कुणाचं नाव आहे? कंपनीचं असेल तर पैसे तिने घेतले आहेत, एवढं सांगणं पुरेसं असतं.

याच्या जोडीला दोन दारं उघडी ठेवायची. एक, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन 1915 किंवा consumerhelpline.gov.in. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या बुकिंग कंपन्या तिथे जोडलेल्या असल्याने बरेच मामले तिथेच हलतात. दुसरं दार बँकेचं. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो, त्यालाच चार्जबॅक म्हणतात. इथे फॉर्मवरचं कारण अचूक निवडावं लागतं. ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण. ‘व्यवहार मी केलाच नाही’ हे निवडलं तर केस तिथेच पडते, कारण ओटीपी तुम्हीच टाकला होता. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादाला साधारण 120 दिवसांची मुदत असते, पण बँका आपल्याकडे अर्ज त्याहून लवकर मागतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच द्यावा. वाद चालू असताना बँक रक्कम तात्पुरती जमा दाखवते तेव्हा पैसे आले असं समजू नका. समोरचा तुमचा रद्दचा लॉग पाठवतो आणि रक्कम पुन्हा वळती होऊ शकते. त्या उत्तरावर तुमचं म्हणणं मागितलं जातं, तिथे मॅनेजरचा मेसेज जोडायचा. बँकेने 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. ती बँकेविरुद्ध असते, हॉटेलविरुद्ध नाही.

यूपीआयने पैसे दिले असतील तर हे दार अरुंद होतं. दुकानदाराच्या क्यूआरवर दिले असतील तर ॲपमधून वाद नोंदवता तरी येतो. ‘मालकाच्या नंबरवर ॲडव्हान्स टाका, डिस्काउंट देतो’ म्हणून खासगी नंबरवर टाकले असतील, तर बँकेच्या लेखी ते एका माणसाने दुसऱ्याला स्वखुशीने दिलेले पैसे असतात. तिथे व्हॉट्सॲपवरचं संभाषण हाच एकमेव कागद, आणि वाट थेट ग्राहक आयोगाची.

परतावा मागताना आणखी एक खड्डा असतो. गुगलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधला की भलतेच नंबर वर येतात. तिथला माणूस परतावा देण्यासाठी स्क्रीन शेअर करायला लावतो किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. नंबर फक्त व्हाउचरवरचा किंवा ॲपमधला घ्यायचा. तरी गेलेच पैसे, तर तासाभरात 1930 वर फोन करायचा.

काकांच्या मामल्यात कंपनीने अधिकाऱ्याकडचा अर्ज आणि हेल्पलाइनवरची तक्रार मिळून 8,820 रुपये कार्डावर परत केले. सुविधा शुल्काचे 295 मात्र ‘परत न होणारे’ म्हणून ठेवून घेतले. सेवा आम्ही नाकारली नाही, हॉटेलने नाकारली, असं त्यांचं म्हणणं. त्याच उपनियम 8 चा दाखला देऊन पुन्हा लिहिल्यावर तेही आले, पण हॉटेलचं प्रकरण मिटल्यानंतर. उरले फरकाचे आणि गाडीचे मिळून 5,685 रुपये. ते हॉटेलकडून हवे होते.

त्यासाठी हॉटेलला स्पीड पोस्टने नोटीस गेली, पंधरा दिवसांची मुदत देऊन. नोटीस देणं कायद्याने बंधनकारक नाही, पण आयोगापुढे ती उपयोगी पडते. नोटिशीत सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू असं लिहिलं होतं, आणि ती धमकी पोकळ नव्हती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे सोलापूरकराने महाबळेश्वरचं किंवा गोव्याचं हॉटेल बुक केलं असतं तरी तक्रार सोलापुरातच चालली असती. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील नसला तरी चालतं, e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल करता येते, मुदत घटनेपासून दोन वर्षं. हॉटेल आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करावं, नाहीतर जो समोर नाही त्याच्यावर दुसरा बोट दाखवतो. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या नावाने मांडावी. ‘नॉन-रिफंडेबल ही अटच अन्याय्य करार म्हणून रद्द करा’ असं मागितलं, तर तो विषय राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो आणि जिल्हा आयोगात उगाच हरकत निघते. आपल्याला अट उखडायची नसते, ती आपल्याला लागू नाही एवढंच दाखवायचं असतं.

नोटीस पोचल्यावर पाचव्या दिवशी हॉटेलच्या मालकाचाच फोन आला. मॅनेजरने परस्पर केलं, आम्हाला माहीत नव्हतं वगैरे. 4,000 वर तडजोड झाली. पावत्या हातात असताना पूर्ण 5,685 साठी अडून बसायला हरकत नव्हती, पण आयोगातल्या तारखांचा विचार करून त्यांनी ते घेतले, आणि तो निर्णय वाईट म्हणता येणार नाही. मालकाने आधी ‘माझी काहीही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर सही मागितली होती. काकांनी आधी रक्कम खात्यात येऊ दिली, बँकेचा मेसेज पाहिला, मग सही केली. कागदावर ‘फक्त हॉटेलविरुद्धची’ हे दोन शब्द त्यांनी हाताने घातले, कारण कंपनीकडचे 295 तेव्हा अजून यायचे होते.